दारापुढचा उतार

अंकुर सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून सहदेव ठोंबरे सेक्रेटरी होते. रसायनीच्या कारखान्यात पाइपफिटर म्हणून अख्खी नोकरी काढली, आता निवृत्त झाल्यावर कर्जतला आपल्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निवांत बसू, असं त्यांना वाटलं होतं. पण सोसायटीला रिकामा माणूस दिसला की बघवत नाही. पहिल्या वर्षी त्यांना हार घालून खुर्चीत बसवलं. पुढच्या वर्षापासून हारही बंद झाला, खुर्ची तेवढी राहिली. पाणी नाही आलं, सांगा ठोंबऱ्यांना. कुत्र्याने घाण केली, सांगा ठोंबऱ्यांना. वरच्यांची सून खालच्यांच्या वाळवणावर केस झटकते, तेही सांगा ठोंबऱ्यांनाच. आणि इतकं सगळं करून माणसाला काय मिळतं, तर 'तुम्ही काय, सेक्रेटरी आहात!' हे वाक्य. ते ऐकून ऐकून ते थकले होते.

यंदा विषय रस्त्याचा होता. गेटपासून दोन्ही बिल्डिंगींच्या मधून मागच्या पार्किंगपर्यंत जाणारा सोसायटीचा रस्ता. बिल्डरने दिला तेव्हा तो साध्या काँक्रीटचा होता. त्याला भेगा पडल्या, तेव्हा फोडायची कटकट कोण करणार, म्हणून त्याच्यावरच नवा थर ओतला. तोही तडकला, तेव्हा त्याच्यावर आणखी एक. दर थराला रस्ता वर चढत गेला आणि घरं जिथल्या तिथे राहिली. सहदेवांच्या दारापुढे पूर्वी दोन पायऱ्या होत्या. आता त्या पायऱ्या काँक्रीटच्या पोटात गेल्या होत्या आणि उंबरा रस्त्याहून बोटभर खालीच होता. जुलैत मागच्या पार्किंगचं पाणी उताराने यायचं, या उंबऱ्याशी थबकायचं आणि मग पाहुण्यासारखं सरळ आत.

तळमजल्यावर दुसरा फ्लॅट होता, पण त्याला कायम कुलूप. म्हणजे पाणी शिरायचं ते एकट्या सहदेवांच्या घरात. आणि घरात होत्या विमलबाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची डावी बाजू गेली होती. कॉट आणि चाकांची खुर्ची, एवढ्यातच त्यांचा दिवस जायचा. लिफ्ट नाही, त्यामुळे वरच्या मजल्यावर घर बदलून घ्यायचा प्रश्नच नव्हता. गेल्या पावसात पाणी कॉटच्या पायांना लागलं आणि सहदेव रात्रंदिवस सुपलीने उपसत राहिले. शेवटी नाशिकहून मुलगा मनोज आला, भिंतीवरचा ओलीचा पट्टा बघितला आणि म्हणाला, "बाबा, यंदा पुन्हा पाणी शिरलं तर मी तुम्हा दोघांना घेऊन जाणार. मग माझं कुणी ऐकू नका, मीही तुमचं ऐकणार नाही."

मुलगा वाईट बोलत नव्हता. पण विमलबाईंना जायचं नव्हतं. त्यांची खुर्ची दारात लावली की समोर माथेरानचा डोंगर दिसायचा आणि त्याच्या पायथ्याशी त्यांचं माहेर. बोलणं थोडं जड झालं होतं, तरी हे एक वाक्य त्या स्पष्ट बोलायच्या. "मला हितंच ऱ्हायचं."

म्हणून सहदेवांना रस्ता खाली हवा होता. बाकी त्यांना कशाचीच हौस उरली नव्हती.

मीटिंग पुढच्या शेडमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातल्या निम्म्यांचा एक पाय अधू. चेअरमन हर्षद भोईर आधी बोलला. हर्षदचा खडी-सिमेंटचा धंदा, दोन मिक्सर आणि एक जेसीबी. त्याच्याच बापाच्या, चांगो भोईरांच्या भातशेतावर ही सोसायटी उभी होती आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेले फ्लॅट त्यांच्याच घरात होते. त्यामुळे हर्षद बोलला की अर्ध्या माना आपोआप हलायच्या.

"साधं काँक्रीट," हर्षद म्हणाला. "आहे त्याच्यावर चांगल्या मालाचा थर ओततो. लोखंडी जाळी टाकतो. एकदा ओतलं की बघायला नको."

"मागच्या वेळीही बघायला नको म्हणाला होतास," सहदेव म्हणाले.

"तेव्हा जाळी नव्हती, काका."

"जाळीचं जाऊ दे. खालून पाण्याची लाइन गेलीय. ती दरवर्षी कुठं ना कुठं गळते. काँक्रीट फोडायचं, लाइन जोडायची आणि वरून ठिगळ मारायचं. जुन्या काँक्रीटला नवं कधी धरत नाही. ठिगळाच्या कडेने पाणी आत जातं आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी फुटतं."

दुसऱ्या मजल्यावरच्या ऋतिका सबनीस शनिवार-रविवारीच यायच्या, पण आल्या की मीटिंग चुकवायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं वेगळं. "सगळीकडे सिमेंटच सिमेंट कशाला? नुसती खडी टाका, रोलर फिरवून दाबा. पाणी जमिनीत मुरेल. आणि खड्डा पडला तर फावडं घेऊन भरता येतो, त्याला कुणी इंजिनिअर लागत नाही."

त्यांचं निम्मं खरं होतं, आणि सहदेवांनी तसं सांगितलंही. खडीची दुरुस्ती सगळ्यात सोपी. पण ही भाताची जमीन, खाली चिकण काळी माती. जुलैत ती आधीच तुडुंब असते, तिच्यात आणखी काय मुरणार? दाबून घट्ट केलेल्या खडीवरूनही पाणी वाहतच जातं आणि उतारावर असलं तर बारीक माल बरोबर घेऊन जातं. त्यात पाण्याचा टँकर आला की चाकांच्या दोन चाऱ्या पडणार, आणि पाणी त्या चाऱ्यांतून धावणार. दर पावसाळ्यात दोन-चारदा ओढून सारखी करावी लागेल. कोण करणार? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, मग सहदेवांकडे.

"शिवाय खडीवर खुर्चीची चाकं फिरत नाहीत," ते हळूच म्हणाले. म्हणायला नको होतं.

"मग तुमचं काय मत?" कुणीतरी विचारलं.

"पेव्हर ब्लॉक. एकमेकांत अडकणारे. पण आधी सगळं जुनं काँक्रीट उखडायचं. रस्ता मूळ लेव्हलला न्यायचा, उतार नीट धरायचा, मग ब्लॉक. लाइन गळली की तेवढेच ब्लॉक उचलायचे, काम करायचं आणि तेच परत बसवायचे."

"आणि उखडायचं कशासाठी?" हर्षदने विचारलं. "खाली पक्का बेस आहे तयार. त्याच्यावर दगडाचा बारीक कच टाकून ब्लॉक लावले की झालं."

"नाही होत. सांध्यांतून गेलेलं पाणी त्या काँक्रीटवर अडकून राहतं. वरून गाडी गेली की खालचा कच पाण्याबरोबर बाहेर येतो आणि ब्लॉक डुगडुगायला लागतात. आणि रस्ता आणखी वीतभर वर येतो, ते वेगळंच."

तेव्हा मागच्या खुर्चीतून ते वाक्य आलं, जे येणार हे सहदेवांना ठाऊक होतं. "सरळ सांगा ना, तुमच्या दारापुढचं पाणी काढायचंय. त्याच्यासाठी सगळ्या सोसायटीने रस्ता उखडायचा?"

शेडमध्ये कुणी हसलं, कुणी खोकलं. सहदेवांच्या तोंडात उत्तर होतं. रस्त्याचं पाणी कुणाच्याही घरात जाऊ नये, मग तो सेक्रेटरी असो की आणखी कुणी. पण ते बोलले नाहीत. खरं सांगायचं तर दारापुढचंच पाणी काढायचं होतं. खोटं कसं बोलणार? आणि खरं बोललं तर सगळंच मोडीत निघणार. कागद गोळा करून ते घरी आले आणि विमलबाईंच्या कॉटच्या कडेला नुसते बसून राहिले.

"काय ठरलं?" विमलबाईंनी विचारलं.

"काही नाही. आपलं सामान बांधायला घ्यावं बहुतेक."

विमलबाईंनी मान दाराकडे वळवली. त्यांना राग आला की त्या असंच करायच्या. आता राग कुणाचा, हे विचारायचं धाडस सहदेवांना झालं नाही.

पुढच्या मीटिंगला चांगो भोईर आले, तेही बोलावणं नसताना. म्हाताऱ्याने बंडी घातली होती, हातात काठी. सोसायटीच्या कारभारात ते कधी पडत नसत. पण हर्षदची मुलगी समिधा हिचं लग्न मे महिन्यात ठरलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात वेगळंच काही चाललं होतं. पहिल्या विषयाला सुरुवात व्हायच्या आतच त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"माजा येक सवाल हाय. समिधाची मेढ कुटं पुरायची?"

कुणाला काही कळेना. हर्षदला मात्र कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

लग्नाच्या मांडवाची मुहूर्तमेढ. उंबराची फांदी वाजतगाजत आणायची, धवलारणीने लग्नाचे धवले गायचे आणि घरापुढच्या मातीत खड्डा करून ती पुरायची. मग त्याच्यावर मांडव. भोईरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच. पण थोरल्या नातीच्या लग्नात घरापुढे माती होतीच कुठे? सगळं काँक्रीट. मग रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात उंबर खोचला. भर हळदीत वारा सुटला आणि डबा फांदीसकट कलंडला. पोरांनी उभा केला, गाणं पुढे चालू राहिलं, सगळे विसरले. चांगोबाबा तेवढे विसरले नव्हते.

"हे माजं श्यात," ते म्हणाले. "हितं मी लावणी केलीय. आन माज्या नातीची मेढ डब्यात? लोक काय म्हनतील ते जाऊ दे, मलाच कसंतरी हुतं. यंदा मेढ मातीत जाईल. नायतर मांडव गावच्या घरापुढं, तुमी बसा हितं."

"बाबा, गावच्या घरापुढे गाड्या लावायला जागा नाही," हर्षद म्हणाला.

"मंग फोड हे."

"फोडल्यावर परत ठिगळ दिसेल ना कायमचं. नवा थर ओतणार आहोत, त्याला भोक कुठे ठेवू?"

तेव्हा सहदेवांना सुचलं. दारापुढच्या पाण्याबद्दल एक अक्षर न बोलता ते म्हणाले, "चांगोबाबा, ब्लॉकचा रस्ता असला तर चार ब्लॉक उचलायचे. खाली खड्डा करून मेढ पुरायची. लग्न झालं, मेढ काढली की खड्डा थरथराने ठोकून भरायचा आणि तेच ब्लॉक परत. ओळखूही येत नाही."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "ब्लॉकाखाली माती हाय का?"

"ब्लॉकाखाली कच, त्याखाली खडी-मुरूम, त्याखाली तुमची माती."

"काका, पण मी म्हणत होतो तसं जुन्या काँक्रीटवर..." हर्षदने सुरुवात केली.

"त्ये काँक्रीट ऱ्हायलं तर माजी मेढ मातीला लागंल का, लेका?" चांगोबाबांनी विचारलं. "का परत डबाच?"

हर्षदने ठरावाचं रजिस्टर सहदेवांपुढे सरकवलं. मागच्या खुर्चीतल्या माणसालाही या वेळी दारापुढचं पाणी आठवलं नाही. लग्नघर म्हटल्यावर सगळे उदार झाले. जुनं काँक्रीट मुळापासून उखडायचं, पेव्हर ब्लॉक लावायचे, असा ठराव झाला. ऋतिका सबनीसांनाही राग यायला नको म्हणून मागचं पार्किंग खडीचं ठेवायचं ठरलं. तिथे जागा सपाट होती आणि टँकर जात नव्हता, त्यामुळे ते बरोबरही होतं.

गेल्या कितीतरी महिन्यांत जे बोलून झालं नाही, ते एका उंबराच्या फांदीने केलं. सहदेवांना हसू यायला हवं होतं. पण त्यांना फक्त झोप आली.

होळी झाल्यावर काम सुरू झालं. हर्षदने मनाविरुद्ध असलं तरी काम चोख केलं, शेवटी नाक त्याच्याच बापाचं होतं. जेसीबीला ब्रेकर लावला आणि तीन थरांचं काँक्रीट फुटायला लागलं. चार-पाच दिवस सगळ्या सोसायटीचे दात थरथरत होते. तुकडे मागच्या पार्किंगमध्ये नेऊन पसरले, त्यावर खडी आणि मुरूम टाकून रोलरने दाबलं. फुकटचं भरण झालं, म्हणून हर्षदची कळी थोडी खुलली. सहदेवांच्या दारापुढच्या दोन पायऱ्या बऱ्याच काळाने उजेडात आल्या. विमलबाईंनी त्या बघायला मुद्दाम खुर्ची दाराशी ओढून घ्यायला लावली.

उतार सहदेवांनी स्वतः धरला. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, तिचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं धाऊच्या. धाऊ सोसायटीचा वॉचमन. जवळच्या वाडीवरचा, बायको मंगळीसह गेटला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहायचा. नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं उभं राहिलं की भिंतीवर खूण करायची आणि तिथून खाली मोजत यायचं. मीटरला दोन सेंटीमीटर उतार, सबंध रस्ता मागून गेटकडे आणि एक बाजू किंचित झुकती, कडेच्या गटारीकडे. गटारी गेटजवळच्या चेंबरला मिळणार आणि तिथून बाहेरच्या नाल्याला.

"थोडं वर. अजून. बस, बस," सहदेव म्हणायचे, आणि धाऊ नळी घट्ट धरून उभा राहायचा. मंगळी मधूनच चहा आणून द्यायची.

खालचा थर रोलरने दाबला, दोन्ही कडांना सिमेंटचे कर्ब उभे केले. कड पक्की नसली तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सांधे उघडे पडतात, हे सहदेवांनी मजुरांना इतक्या वेळा सांगितलं की मजूरच ते एकमेकांना सांगून हसायला लागले. मग कचाचा सारखा थर आणि त्यावर टँकरचं ओझं सोसतील असे जाड ब्लॉक. वरून थरथरणारं मशीन फिरवून ते बसवले आणि बारीक रेती झाडूने सांध्यांत भरली. रेती भरली की ब्लॉक एकमेकांना धरतात, एकटा कुणी हलत नाही.

शेवटच्या दिवशी गेटपाशी लेव्हल बघताना सहदेव थोडे थांबले. बाहेरचा रस्ताही वर्षागणिक उंच होत गेला होता. त्यामुळे गेटजवळचा भाग आता सगळ्यात खोल आला होता. चेंबरमधून बाहेर जाणारा पाइप जुनाच, मनगटाएवढा. आणि चेंबरला लागून धाऊची खोली, जमिनीलगत. पूर्वी पाणी निम्मं वाटेतच, त्यांच्या दाराशी अडायचं. आता ते सगळं इथवर येणार. हे त्यांना दिसलं. रस्त्यापलीकडच्या सोसायटीच्या बागेत एक खोल खड्डा घेऊन खडीने भरला आणि पाण्याला तिकडे वळवलं, तर मुरलं नाही तरी तिथे साठेल, असंही मनात आलं. पण त्यासाठी पुन्हा मीटिंग, पुन्हा मंजुरी, पुन्हा तीच माणसं आणि तीच वाक्यं. पाठ दुखत होती. आपलं काम झालं होतं.

'गेटजवळचं नंतर बघू,' असं मनाशी म्हणून ते घरी आले.

मेमध्ये लग्न झालं. चार ब्लॉक काढायचे होते, पण पहिलाच निघेना. रेतीने सगळे एकमेकांत घट्ट बसलेले. शेवटी एक फोडून काढावा लागला, मग बाकीचे हाताने निघाले. चांगोबाबा स्वतः वाकून खड्ड्यात बघत होते. खडी गेली, मुरूम गेला आणि खाली काळी माती लागली, तेव्हा त्यांनी चिमूटभर उचलून बोटांत चोळली. उंबराची फांदी मातीत गेली, धवलारणीचा आवाज चढला. विमलबाईंची खुर्ची पोरांनी दोन पायऱ्यांवरून उचलून उतरवली आणि ती नव्या रस्त्यावरून खडखडत का होईना, मांडवापर्यंत गेली. बायकांनी त्यांच्याही गालाला हळद लावली. दोन वर्षांनी त्या घराबाहेरच्या कशात तरी सामील झाल्या होत्या. हळद पुसू नका, असं त्यांनी त्या संध्याकाळी सहदेवांना बजावलं.

लग्नानंतर मांडववाल्यांनी खड्डा नुसता लोटून भरला आणि वर ब्लॉक ठेवून दिले. आठवड्यात ती जागा खचून बशी झाली. हर्षद म्हणाला, बघा, याच्यासाठीच काँक्रीट म्हणत होतो. सहदेव पहार घेऊन बसले. ब्लॉक उचलले, भुसभुशीत माती काढली, मुरूम थोडा थोडा टाकून धुमसाने ठोकला, वर कच पसरला, फुटक्याच्या जागी नवा ब्लॉक घेतला आणि रेती भरली. सकाळी सुरू केलेलं काम जेवायच्या आत संपलं. हर्षदने ते येता-जाता पाहिलं.

जुलै लागला आणि पाऊस आला तो कर्जतच्या पद्धतीने आला, म्हणजे दिवस आणि रात्र यांतला फरक काढून टाकून. सहदेव दारात उभे राहून बघायचे. मागच्या खडीवरून आलेलं पाणी ब्लॉकवर उतरायचं, पहिल्या पायरीच्या खालून कडेच्या गटारीत वळायचं आणि गेटकडे धावायचं. एक थेंब वर चढला नाही. फरशी कोरडी, कॉटचे पाय कोरडे. मनोजचा फोन यायचा. "बाबा, खरं सांगा, शिरलं ना?" सहदेव फोन विमलबाईंच्या कानाला लावायचे आणि त्या म्हणायच्या, "सुकं हाय. तू ये सुट्टीला, र्‍हायला ये."

सगळ्यात मोठ्या पावसाच्या दिवशी सहदेव दुपारी जेवून झोपलेसुद्धा. पावसाळ्यात दुपारची झोप! त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. उठले, चहा केला, विमलबाईंना पाजला. दूध संपलं होतं, म्हणून छत्री घेऊन निघाले. रस्त्यावरचं पाणी घोट्याइतकंही नव्हतं. चालताना त्यांना आपल्या कामाचं कौतुक वाटत होतं, आणि ते वाटायला काही हरकत नव्हती.

गेटजवळ आल्यावर पाणी घोट्याच्या वर आलं. मग पोटरीपर्यंत.

चेंबर तुंबून उफाळत होता. मनगटाएवढ्या पाइपाला काही झेपत नव्हतं. सबंध रस्त्याचं पाणी नीट, दोन सेंटीमीटरच्या उताराने, कुठेही न अडता धाऊच्या खोलीत जात होतं. दार उघडं होतं. खाटेवर गोधड्या, डबे, गॅसची शेगडी एकावर एक रचलेली. मंगळी पाण्यात उभी राहून परातीने पाणी बाहेर टाकत होती आणि तेवढंच पुन्हा आत येत होतं. धाऊ चेंबरमध्ये खांद्यापर्यंत हात घालून पाइप मोकळा करत होता. तसा तो मोकळाच होता. फक्त लहान होता.

"कधीपासून?" सहदेवांनी विचारलं.

"काल रातच्यानं," धाऊ म्हणाला.

"मला हाक मारायची नाही का रं?"

धाऊने पुन्हा पाइपात हात घातला. मंगळीने परात थांबवली, पदराने तोंड पुसलं आणि मनापासून विचारलं, "काका, तुमच्या घरात नाय ना आलं औंदा?"

"नाही आलं."

"बरं झालं," मंगळी म्हणाली. "आई आजारी मानूस. तेन्ला न्हाई सोसायचं."

आणि ती पुन्हा वाकून पाणी उपसायला लागली.

सहदेव तिथेच उभे राहिले. मीटिंगमध्ये मागून आलेल्या वाक्याने त्यांना जेवढं बोचलं नव्हतं, तेवढं हे बोचलं. त्यांना लाज वाटली, सरळ आणि पुरती. उतार त्यांनी काढला होता. नळीचं दुसरं टोक याच माणसाने धरलं होतं.

छत्री मिटून त्यांनी ती गेटला अडकवली.

"धाऊ, ते सोड. पहार आण. आणि हातोडा."

"काय करताव, काका?"

"रस्ता उचलायचाय. हितून समोर बागेपर्यंत. पाणी तिकडं काढू."

"नवा रस्ता हाय," धाऊ घाबरून म्हणाला. "साहेब लोक बोलतील."

"मला बोलतील. तू आण."

पहिला ब्लॉक निघेना. सहदेवांनी हातोड्याने तो फोडला, दुसऱ्याखाली पहार घातली आणि धाऊने तो उपसून काढला. मग तिसरा, चौथा. रस्त्याच्या आडवी एक ओळ उघडी पडत गेली, खालचा कच पाण्याबरोबर वाहायला लागला. धाऊने फावड्याने खाली चर ओढला. बागेकडच्या कर्बचा तुकडा फोडायला सगळ्यात वेळ लागला. तो फुटला तेव्हा पाणी क्षणभर थबकलं, मग वळलं आणि बागेतल्या मोकळ्या मातीवर पसरत गेलं.

वरच्या गॅलरीतून हर्षदने हाक मारली. "काका! काय चाललंय? रस्ता का फोडताय?"

सहदेवांनी वर पाहिलं. पाणी डोळ्यांत जात होतं. बागेत खडीचा खड्डा घ्यावा लागेल, चेंबरचा पाइप मोठा हवा, हे ब्लॉक पावसाने उसंत दिली की नीट बसवायचे, आणि या सगळ्यासाठी मीटिंग. किती दमायचं माणसाने?

"खाली ये," ते ओरडून म्हणाले. "फावडं घेऊन ये."

हर्षद येतो की नाही, ते बघायला ते थांबले नाहीत. चरातून पाणी जात होतं, पण खोलीतलं अजून तसंच होतं. सहदेव उंबरा ओलांडून आत गेले, कोपऱ्यात तरंगणारं पातेलं उचललं आणि मंगळीच्या शेजारी वाकून उपसायला लागले.

"काका, ऱ्हाऊ द्या. तुमची पाठ," मंगळी म्हणाली.

"सवय हाय मला," सहदेव म्हणाले.